सगळे उतरले, हे कोण सांगणार?

कार्यालयाच्या सूचनाफलकावर वर्षातून एक-दोनदा असा कागद लागतो: ‘गुरुवारी सकाळी ११.३० वाजता इमारत रिकामी करण्याचा सराव होईल. सर्वांनी मागच्या मोकळ्या पार्किंगमध्ये जमावे. फ्लोअर वॉर्डनच्या सूचना पाळाव्यात.’ बहुतेक जण तो वाचतात आणि विसरतात. पण अग्निशमन दलाची गाडी आल्यावर अधिकारी सर्वांत आधी विचारतो, ‘आत कोणी राहिलंय का?’ या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर देता यावे, यासाठी या तिन्ही ओळी असतात.

आधी वेळ पाहू. ११.३० ला बहुतेक जण जागेवर असतात, मीटिंग चालू असतात, पँट्रीत कोणीतरी चहा करत असते. खरी आग अशाच वेळी लागू शकते, म्हणून सराव जेवणाच्या सुट्टीत ठेवायचा नसतो. वेळ आधी जाहीर केली की एक गोष्ट हमखास बिघडते. काही जण ११.२० लाच चहाच्या निमित्ताने खाली जातात. सराव झटपट उरकतो आणि कागदावर आकडा छान दिसतो, पण जिना भरलेला असताना आठव्या मजल्यावरून उतरायला किती वेळ लागतो, हे कळतच नाही. म्हणून पहिला सराव वेळ सांगून घ्यावा आणि पुढचा फक्त आठवडा सांगून.

जिना प्रत्यक्ष उतरणे तर सर्वांत महत्त्वाचे. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर हल्ला झाल्यानंतर अमेरिकी सरकारी संस्थेने बचावलेल्यांशी बोलून अभ्यास केला. बहुतेकांनी सरावात भाग घेतला होता, जिना कुठे आहे हेही त्यांना सांगितलेले होते. तरी जवळपास निम्मे लोक त्या दिवसापूर्वी तो जिना कधी उतरलेच नव्हते. याउलट मॉर्गन स्टॅन्ली या कंपनीचे सुरक्षाप्रमुख रिक रेस्कॉर्ला कर्मचाऱ्यांकडून वर्षानुवर्षे जिना उतरण्याचा सराव करून घेत. त्या दिवशी त्या कंपनीचे सुमारे २,७०० लोक सुखरूप बाहेर पडले. राहिलेल्यांना शोधायला परत वर गेलेले रेस्कॉर्ला मात्र वाचले नाहीत.

दुसरी ओळ जमण्याच्या जागेची, म्हणजे असेंब्ली पॉइंटची. लोकांचे पाय सवयीने मुख्य दरवाजाकडे वळतात. पण बंब तिथूनच आत येणार असतो आणि फुटलेल्या काचाही तिथेच पडतात. म्हणून जागा इमारतीपासून लांब, बंबाच्या वाटेबाहेर निवडलेली असते. तिथे पोहोचलेला माणूस मोजला जातो. जो परस्पर टपरीवर किंवा घरी गेला, तो यादीत बेपत्ता ठरतो. त्याला शोधायला जवान धुरात शिरू शकतात.

आता फ्लोअर वॉर्डन. तो तुमच्यातलाच एक सहकारी असतो. भोंगा वाजला की तो जिन्यापासून सर्वांत लांबच्या टोकाला जातो आणि तिथून जिन्याकडे येत मजला तपासतो. मीटिंग रूम, पँट्री, सर्व्हर रूम आणि विशेषतः स्वच्छतागृहे, कारण भोंगा तिथे नीट ऐकू येत नाही. तपासलेल्या खोलीचे दार तो ओढून घेतो, कुलूप मात्र लावत नाही. बंद दार धूर बराच वेळ अडवून धरते. याच कारणाने जिन्याचे दार बादली लावून उघडे ठेवणे धोक्याचे. लिफ्टपाशी कोणी उभे राहू नये, बॅगेसाठी कोणी मागे फिरू नये, हेही तोच पाहतो. ज्यांना जिना उतरता येत नाही, त्यांच्यासोबत कोण थांबणार आणि कोणत्या सुरक्षित जागी, हे आधीच ठरलेले असते. आग विझवत बसणे हे त्याचे काम नव्हे. सर्वांत शेवटी तो खाली येतो आणि प्रमुखाला सांगतो, ‘पाचवा मजला रिकामा,’ किंवा ‘पाचव्यावर एक खोली तपासता आली नाही.’ या दुसऱ्या वाक्याची किंमत फार मोठी आहे, कारण त्यामुळे जवानांना नेमके कुठे जायचे ते कळते.

मोजणी फसते ती बहुधा दोन कारणांनी. हजेरीच्या यादीत सफाई कर्मचारी, कँटीनची मुले आणि भेटीला आलेले लोक नसतात, म्हणून रिसेप्शनचे व्हिजिटर रजिस्टर खाली आणावेच लागते. दुसरे, वॉर्डन त्या दिवशी रजेवर असतो. प्रत्येक मजल्याला उपवॉर्डन हवाच.

तेव्हा पुढची सूचना लागली की आपल्या मजल्याच्या वॉर्डनचे आणि उपवॉर्डनचे नाव विचारून घ्या, जमण्याची जागा डोळ्यांनी पाहून या, आणि भोंगा वाजला की हातातले काम तसेच टाकून जिना उतरा. तुमचे नाव मोजले जाईपर्यंत तिथून हलू नका.