सत्तर टक्के की पंचवीस टक्के?

मागच्या भागाखाली एका प्रेक्षकाने विचारलं होतं, की एकाच एपिकची प्रगती जिरामध्ये एका ठिकाणी ७० टक्के दिसते आणि दुसऱ्या ठिकाणी २५. यातलं खरं कोणतं?

समजा, एपिक आहे ग्राहकाला पैसे परत करण्याच्या सोयीचं. त्यात दहा तिकिटं. सात किरकोळ आहेत: बटण, मजकूर, ईमेलचा नमुना, असली कामं, प्रत्येकी १ पॉइंटची. उरलेली तीन भारी: बँकेशी जोडणी ८, हिशेबाची जुळणी ८ आणि अर्धवट परताव्याचे नियम ५. एकूण २८ पॉइंट. टीमने सात किरकोळ कामं उरकली. तिकिटं मोजली तर दहापैकी सात, म्हणजे ७० टक्के. पॉइंट मोजले तर २८ पैकी ७, म्हणजे २५.

इथे तिकिटांची मोजणी फसवते, कारण सोपी कामं आधी होतात. फौजेत वाहनांचा ताफा निघाला की जीप पुढे पोहोचतात आणि दारूगोळ्याचे ट्रक घाटात मागे असतात. किती गाड्या आल्या एवढंच विचारलं, तर उत्तर छान मिळतं. किती टन माल आला हे विचारावं लागतं.

म्हणून पॉइंटच खरे, असं मात्र समजू नका. पुढची गंमत बघा. काम चालू असताना दोन नवी तिकिटं आली, फसलेल्या परताव्याचा पुन्हा प्रयत्न आणि लेखापरीक्षणाची नोंद. घाईत त्यांना पॉइंट दिलेच नाहीत. पॉइंट नसलेलं तिकीट या बेरजेत शून्य धरलं जातं. मूळची दहाही तिकिटं संपली, की पॉइंटच्या हिशेबाने २८ पैकी २८, शंभर टक्के! तिकिटांच्या हिशेबाने बारापैकी दहा, ८३ टक्के. आता उलट तिकिटांची मोजणीच सांगते आहे की काम बाकी आहे. त्या दोघांना ८ आणि ५ पॉइंट दिले, तर खरा आकडा निघतो ४१ पैकी २८, म्हणजे ६८.

माझ्या मते दुसरी फसवणूक जास्त वाईट. ७० टक्क्यांवर लोक अजून प्रश्न विचारतात; शंभर दिसले की कोणी विचारत नाही, आणि तारीख ग्राहकाला कळवून मोकळे होतात.

तेव्हा टक्केवारी वाचण्याआधी बिनपॉइंटची तिकिटं शोधा. तुमच्या एपिकचा क्रमांक घालून हे टाका:

```
parent = PAY-12 AND "Story Points" is EMPTY
```

काही प्रोजेक्टमध्ये त्या रकान्याचं नाव `Story point estimate` असतं, ते पाहून बदला. यादी रिकामी आली, तर पॉइंटच्या टक्क्यावर भिस्त ठेवायला हरकत नाही. चार-पाच तिकिटं निघाली, तर त्यांना पॉइंट मिळेपर्यंत तो आकडा वरिष्ठांना पाठवू नका. आणि सगळीच तिकिटं साधारण सारख्या आकाराची असतील, तर दोन्ही आकडे जवळपास एकच येतात; तिथे नुसती तिकिटं मोजली तरी चालतं.