पासष्टचा आकडा आला कुठून?

५ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी, न्यूयॉर्कचा बाजार उघडायला अजून वेळ होता तेव्हा, अमेरिकी शेअर बाजाराचा ‘भीती निर्देशांक’ म्हणून ओळखला जाणारा व्हिक्स ६५.७३ पर्यंत चढला. त्याआधीच्या शुक्रवारी तो २३.३९ वर बंद झाला होता. ५ ऑगस्टलाच जपानचा निक्केई १२ टक्क्यांहून जास्त कोसळला होता, त्यामुळे घबराट होती यात वाद नाही. पण पासष्ट म्हणजे काय ते पाहा. व्हिक्स हा वार्षिक टक्केवारीत सांगितला जातो. त्याला बाराच्या वर्गमुळाने भागलं की महिन्याचा अंदाज निघतो, म्हणजे येत्या तीस दिवसांत एस अँड पी ५०० निर्देशांक १९ टक्के इकडे किंवा तिकडे जाणं ही अगदी सर्वसाधारण गोष्ट आहे, असं बाजार म्हणत होता. संध्याकाळी तोच व्हिक्स ३८.५७ वर बंद झाला. काही तासांत बाजाराचं मत इतकं पालटलं का? माझं म्हणणं असं, की त्या सकाळच्या उसळीचा मोठा भाग मतातून आलाच नव्हता. तो बेरजेच्या पद्धतीतून आला होता, आणि म्हणून ती बेरीज समजून घेण्यासारखी आहे.

व्हिक्सला कुणी प्रश्न विचारत नाही, सर्वेक्षण करत नाही. एस अँड पी ५०० निर्देशांकावरच्या ऑप्शनची अख्खी रांग समोर घेतली जाते. आधी वायदा पातळी ठरते, म्हणजे मुदतीच्या दिवसासाठी निर्देशांकाचा आज गृहीत धरलेला भाव. तिच्या खालच्या प्रत्येक स्ट्राइकचा पुट घ्यायचा, वरच्या प्रत्येकाचा कॉल. मधल्या स्ट्राइकवर दोन्हींची सरासरी. प्रत्येकाचा भाव त्या स्ट्राइकच्या वर्गाने भागायचा, शेजारच्या स्ट्राइकमधल्या अंतराने गुणायचा आणि सगळ्याची बेरीज करायची. तिला दोनने गुणून मुदतीपर्यंतच्या काळाने (वर्षाच्या अंशात) भागलं, की एक बारीक दुरुस्ती वजा जाता, अस्थिरतेचा वर्ग मिळतो. तीस दिवसांच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या अशा दोन मुदतींसाठी हे करून त्यांच्यामधून नेमका तीस दिवसांचा आकडा काढतात, वर्गमूळ घेतात आणि शंभराने गुणतात. यात ब्लॅक-शोल्सचं सूत्र कुठेही लागत नाही. १९९३ साली रॉबर्ट व्हेली यांनी बांधलेला मूळ व्हिक्स मात्र त्याच सूत्रावर उभा होता आणि एस अँड पी १०० च्या मोजक्या आठ ऑप्शनवर भागवत होता. आजची पद्धत २००३ साली आली.

स्ट्राइकच्या वर्गाने भागायचं कशासाठी? या प्रश्नाच्या उत्तराचं श्रेय अँथनी न्यूबर्गर यांना मिळायला हवं, आणि व्हिक्सच्या गोष्टीत त्यांचं नाव सहसा येत नाही. १९९० च्या सुमारास लंडनमध्ये त्यांनी असा करार सुचवला, ज्याची अखेरची रक्कम निर्देशांकाच्या लॉगरिदमवर ठरेल. निर्देशांकाच्या चढउताराची जोखीम वायद्यांनी सतत काढून टाकत राहिलं, की अशा करारातला नफा-तोटा फक्त अस्थिरतेवर ठरतो, आणि निर्देशांक कुठे पोहोचला यावर त्याची अस्थिरतेबद्दलची संवेदनशीलता अवलंबून राहत नाही. साध्या ऑप्शनचं तसं नसतं. तो रस्त्यावरच्या दिव्यासारखा असतो. निर्देशांक त्याच्या स्ट्राइकजवळून जात असेल तोवर अस्थिरता लख्ख दिसते, दूर गेला की अंधार. शिवाय वरच्या स्ट्राइकचा दिवा जास्त प्रखर आणि त्याचा झोतही जास्त रुंद. रस्ता सगळीकडे सारखा उजळायचा तर प्रत्येक दिवा त्याच्या स्ट्राइकच्या वर्गाच्या प्रमाणात मंद करावा लागतो. तसे मंद केलेले दिवे एकत्र केले की न्यूबर्गर यांचा लॉगरिदमचा करार उभा राहतो. गणित म्हणून हे देखणं आहे, पण याच भागाकाराने खालच्या स्ट्राइकच्या हाती जादा वजन जातं.

आकड्यांनी पाहू. समजा निर्देशांक ५,००० वर आहे, मुदत तीस दिवसांची, अस्थिरता २०, म्हणजे तिचा वर्ग ४००. स्ट्राइक पन्नास-पन्नासच्या अंतराने आहेत. ५,००० च्या स्ट्राइकचा भाव साधारण ११४ डॉलर असेल आणि ४०० पैकी सुमारे ५६ तो एकटा देईल. दूरवरचा २,५०० चा पुट एका डॉलरला असेल, तर तो जवळपास २ देतो. भाव एकशेचौदापट कमी, वाटा मात्र अठ्ठावीसपट कमी, कारण निम्म्या स्ट्राइकला चौपट वजन. आता इथे मेख आहे. बेरजेत जाणारा भाव प्रत्यक्ष सौद्याचा नसतो, तो घेणाऱ्याची बोली आणि विकणाऱ्याची मागणी यांचा मध्य असतो. बोली अर्धा डॉलर, मागणी दीड डॉलर, तर मध्य एक. घाबरलेल्या विक्रेत्याने मागणी साडेएकवीस केली, बोली तिथेच राहिली, तर मध्य अकरा होतो. २,५०० ते ३,४५० पर्यंतच्या वीस स्ट्राइकवर मध्य असा दहा-दहा डॉलरनी चढला, तर वर्गात सुमारे २८३ ची भर पडते. ४०० चे ६८३ होतात आणि व्हिक्स २० वरून २६ वर जातो. एकही सौदा झालेला नाही, एक सेंटही जास्त द्यायला कुणी तयार झालेलं नाही. बोली शून्य असलेला पुट बेरजेत धरत नाहीत, आणि लागोपाठ दोन बोली शून्य दिसल्या की पुढची रांगच सोडून देतात. म्हणजे एरवी ओस पडलेल्या स्ट्राइकवर पाच सेंटची बोली आली, तरी रांग लांबते.

यावर कुणी म्हणेल, विक्रेत्याने मागणी वाढवली तीही भीतीच ना? खरं आहे, पण ती वेगळी भीती. बाजार किती हलेल याचा तो अंदाज नव्हे, आत्ता मला विकायचंच नाही असं सांगण्याचा तो मार्ग आहे. खरेदीदाराचं मत बोलीत दिसतं. त्या सकाळच्या पातळ बाजारात दूरच्या पुटांच्या बोली आणि मागणीतली दरी रुंदावली आणि उसळीचा मोठा वाटा तिचाच होता, असंच आंतरराष्ट्रीय समायोजन बँकेच्या अभ्यासकांनीही नंतर दाखवलं. त्याच सकाळी व्हिक्सच्या वायद्यांची झेप याच्या आसपासही नव्हती, आणि तिथे पैसे खरोखर हातबदल होत होते. मग सूत्रच चुकीचं म्हणायचं का? तसंही नाही. सूत्र अचूक आहे, पण प्रत्येक स्ट्राइकला खरा भाव आहे असं ते धरून चालतं. दूरचे पुट वगळावेत, तर कोसळण्याची शक्यता मोजणारा भागच हरवतो.

मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचा इंडिया व्हिक्स निफ्टीच्या ऑप्शनवर याच सूत्राने चालतो, पण या दुखण्यावर त्याने एक वेगळा उपाय ठेवला आहे. बोली आणि मागणीतली दरी ३० टक्क्यांहून जास्त असेल, तर तो भाव विश्वासार्ह मानत नाहीत. शेजारच्या चांगल्या भावांमधून एक गुळगुळीत वक्र काढून त्यावरून तिथला आकडा घेतात. एखाद्याच विक्रेत्याच्या अवाच्या सवा मागणीला त्यामुळे लगाम बसतो. पण सगळीच रांग विस्कटली, तर वक्र काढायला चांगले भाव उरतातच किती, हा प्रश्न राहतोच. म्हणून ‘भीती निर्देशांक दुप्पट’ असा मथळा दिसला की दोन गोष्टी पाहाव्यात: त्या क्षणी ऑप्शनचा बाजार भरात होता का, आणि त्याच अस्थिरतेचे वायदे किती हलले. वायदेही त्याच्यासोबत चढले असतील तर बाजार खरंच घाबरला आहे. निर्देशांक एकटाच उडाला असेल, तर कुठल्यातरी दूरच्या स्ट्राइकवर विक्रेता दुकान बंद करून बसला असण्याची शक्यता जास्त.