उष्णतेशी जुळलेलं जीवन – लेखांक ६ : टॅक एन्झाइमने नेमकं काय साधलं?

गरम झऱ्यांतल्या जिवाणूंची प्रथिनं उष्णतेत का विस्कटत नाहीत, हे मागच्या लेखात पाहिलं. विरुद्ध विद्युतभारांच्या जास्त जोड्या, पाण्यापासून दूर राहणाऱ्या भागांचा आत घट्ट बसलेला गाभा, बाहेर कमी लोंबणारे वळसे, अशा अनेक लहान तरतुदी एकत्र आल्या की प्रथिन टिकतं. अशाच एका प्रथिनामुळे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारी पीसीआर पद्धत व्यवहारात आली. त्याचं कारण सहसा असं सांगतात की हे एन्झाइम तीव्र उष्णतेत टिकतं, म्हणून ते दर फेरीला नव्याने घालावं लागत नाही. हे खरं असलं तरी अर्धंच आहे. हे एन्झाइम गरम असतानाच उत्तम काम करतं, आणि माझ्या मते त्याचं खरं मोल तिथेच आहे.

पीसीआरच्या एका फेरीत तीन पायऱ्या असतात. ९५ अंश सेल्सिअसला डीएनएचे दोन धागे सुटे होतात. तापमान ५५ ते ६० अंशांवर आणलं की सुमारे वीस अक्षरांचे प्रायमर आपापल्या जागी चिकटतात आणि नकलेची हद्द आखून देतात. मग पॉलिमरेज एन्झाइम प्रायमरपासून पुढे नवा धागा विणतं. दर फेरीत प्रती दुप्पट होतात, त्यामुळे तीस फेऱ्यांनंतर एका रेणूपासून हिशेबाने शंभर कोटींहून अधिक प्रती मिळायला हव्यात.

कॅलिफोर्नियातल्या सीटस कंपनीत काम करणाऱ्या कॅरी मुलिस यांना ही कल्पना १९८३ मध्ये सुचली. सिकलसेल आजाराशी संबंधित जनुकावर ती वापरल्याचा शोधनिबंध १९८५ मध्ये आला, तेव्हा वापरलेलं एन्झाइम होतं ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या पॉलिमरेजचा क्लेनो तुकडा. ते ९५ अंशांना निकामी व्हायचं आणि दर फेरीला ताजं घालावं लागायचं. अडचण एवढीच असती तर यंत्राने ती सुटली असती. सीटसमध्ये तसं यंत्र तयारही झालं होतं. मिस्टर सायकल नावाचं हे यंत्र फेरीगणिक एन्झाइम आपोआप घालायचं.

पण यंत्राला न सुटणारा दोष वेगळाच होता. क्लेनो तुकडा ३७ अंशांच्या आसपास काम करतो. इतक्या कमी तापमानात प्रायमरची मोजकी अक्षरं जुळली तरी तो भलत्या जागी चिकटून राहतो, आणि तिथूनही नक्कल सुरू होते. दुप्पट होण्याचा नियम चुकीच्या तुकड्यालाही लागू असल्याने नको असलेला माल साचत जातो.

यावरचा उपाय त्याआधीच कागदावर होता. थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या मशरूम स्प्रिंग झऱ्यातून थर्मस अॅक्वाटिकस हा जिवाणू वेगळा करून १९६९ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. तो सुमारे ७० अंशांना जोमाने वाढतो. त्याचं पॉलिमरेज, म्हणजेच टॅक, अॅलिस चिएन आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये शुद्ध केलं. १९८८ मध्ये सीटसच्या गटाने ते पीसीआरमध्ये वापरल्याचं प्रसिद्ध केलं. आता प्रायमर जुळवणं आणि धागा विणणं दोन्ही चढ्या तापमानात होऊ लागलं. अर्धवट जुळलेले प्रायमर सुटून जाऊ लागले आणि हव्या तुकड्याचं प्रमाण ठळकपणे वाढलं.

कोणी विचारेल, ७० अंशांत राहणाऱ्या जिवाणूचं एन्झाइम ९५ अंशांना कसं टिकतं? ते कायमचं टिकत नाही. ९५ अंशांना सुमारे ४० मिनिटांत त्याची निम्मी क्षमता जाते. पण तीस फेऱ्यांत प्रत्येकी अर्धा मिनिट धरला तर त्या तापमानात ते पंधरा मिनिटंच असतं, आणि शेवटी तीन चतुर्थांशांहून थोडी अधिक क्षमता उरते. दुसरी शंका अशी की धागा विणण्याच्या ७२ अंशांना योग्य जागचा प्रायमरही गळून पडणार नाही का? तापमान वर चढत असतानाच टॅक प्रायमरला काही अक्षरं जोडून टाकतं, आणि लांबलेला प्रायमर घट्ट धरून राहतो.

मात्र हाच गुण उलटतोही. मिश्रण खोलीच्या तापमानाला तयार करताना टॅक मंद का होईना, काम करतं आणि भलत्या जागी चिकटलेले प्रायमर लांबवतं. मग जेलवर अपेक्षित पट्ट्यासोबत जादा पट्टे दिसतात. नमुन्याचा डीएनए न घातलेल्या नळीतही सर्वांत पुढे धावलेला लहान पट्टा दिसला, तर प्रायमर एकमेकांनाच जोडले गेलेत असं ओळखावं. म्हणून टॅकला प्रतिपिंडाने बांधून ठेवतात. पहिल्याच ९५ अंशांना प्रतिपिंड विस्कटतं आणि टॅक मोकळं होतं. एन्झाइम टिकाऊ असूनही ही खबरदारी घ्यावी लागते, यावरून निवडीचं काम तापमान करतं हे स्पष्ट होतं.

तापमानाने जागेची निवड सुधारते, अक्षरांची नाही. टॅककडे चुकीचं अक्षर काढून टाकणारा भाग नसल्याने नकलेत चुका राहतात. ही उणीव भरून काढणारं पायरोकोकस फ्युरिओसस या सूक्ष्मजीवाचं एन्झाइम अचूक असलं तरी संथ आहे. अचूकता आणि वेग यांचं हे गणित पुढच्या लेखात मांडू.