फोटोतली ब्युरेट आणि व्हिनेगरचं गणित

टायट्रेशनच्या काही प्रश्नांत आकडे छापलेले नसतात. ब्युरेटचे दोन फोटो असतात, एक सुरुवातीचा आणि एक शेवटचा. वाचन आपणच घ्यायचं, त्यावरून संहती काढायची आणि कोणता दर्शक वापरावा तेही सांगायचं. गणित चार ओळींचं असतं. गुण जातात ते गणिताच्या आधी आणि नंतर.

एक प्रश्न पूर्ण सोडवून पाहू. बाजारातलं पांढरं व्हिनेगर १० मिलि घेऊन पाण्याने १०० मिलि केलं आहे. त्यातलं २५ मिलि पिपेटने शंकूपात्रात घेतलं. ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आहे. व्हिनेगर आधी पातळ केलं, कारण तसंच २५ मिलि घेतलं असतं तर दीडशे मिलिहून जास्त हायड्रॉक्साइड लागलं असतं आणि ब्युरेट असते ५० मिलिची.

आता पहिला फोटो. ब्युरेटचा शून्य वरच्या टोकाला असतो आणि आकडे खाली वाढत जातात. मोजपात्राची सवय असलेली नजर खालून वर मोजू लागते आणि इथेच फसते. द्रवाचा पृष्ठभाग काचेलगत वर चढलेला आणि मध्ये खोलगट दिसतो. वाचन त्या खोलगट भागाच्या तळाशी घ्यायचं. बारीक रेघा ०.१ मिलिच्या असतात आणि दोन रेघांच्या मधलं अंतर डोळ्याने निम्मं करता येतं, म्हणून वाचन दोन दशांश स्थळांपर्यंत लिहायचं. पहिल्या फोटोत तळ १.३ आणि १.४ यांच्या बरोबर मध्ये आहे: १.३५. दुसऱ्या फोटोत तो १८ च्या किंचित खाली, पहिल्या बारीक रेघेच्या अलीकडे आहे: १८.०५. खालच्या १९ पासून वर मोजणारा इथे १८.९५ लिहितो.

फोटो कुठून काढला आहे हेही पाहावं. कॅमेरा वर असेल तर द्रवाची पातळी वरच्या रेघेशी जुळल्यासारखी दिसते आणि वाचन खऱ्यापेक्षा कमी येतं. खालून काढला तर जास्त. याची खूण फोटोतच सापडते. मोठ्या आकड्यांच्या रेघा नळीभोवती पूर्ण फिरलेल्या असतील, तर समोरून त्या सरळ दिसतात आणि वरून-खालून लंबवर्तुळाकार. आणखी एक जागा तपासावी: खालची तोटी. पहिल्या फोटोत तिथे हवेचा बुडबुडा असेल आणि दुसऱ्यात नसेल, तर त्याची जागा भरायला गेलेलं द्रावण पात्रात न पडताच वाचनात धरलं गेलं आहे.

१८.०५ मधून १.३५ वजा केले की उरतात १६.७० मिलि. असेटिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांची जोडी एकास एक जमते. म्हणून १६.७० गुणिले ०.१ भागिले २५, म्हणजे ०.०६६८ मोलर. ही पातळ केलेल्या द्रावणाची संहती. मूळ व्हिनेगरची दहापट, ०.६६८ मोलर. असेटिक आम्लाचा एक मोल सुमारे ६० ग्रॅमचा, म्हणजे लिटरला साधारण ४० ग्रॅम, ४ टक्के. बाटलीवर बहुधा हाच आकडा असतो. १८.९५ वाचणाऱ्याचं उत्तर ४.२ टक्के येतं. चूकच, पण जवळपासची.

दर्शक चुकला तर मात्र उत्तराचा खऱ्याशी संबंधच उरत नाही. असेटिक आम्ल सौम्य आहे. ते पूर्ण संपतं तेव्हा पात्रात सोडियम असेटेट असतं आणि ते द्रावण किंचित आम्लारीधर्मी असतं. आपल्या उदाहरणात सामू सुमारे ८.७ येतो. त्याच्या आसपास सामू झेप घेतो. १६.६५ मिलिला तो ७.३ च्या जवळ असतो आणि आणखी दोन थेंबांत १० ओलांडतो. फिनॉल्फथॅलिनचा रंग साधारण ८.२ ते १० या पट्ट्यात बदलतो, म्हणजे ऐन झेपेत. एका-दोन थेंबांत रंगहीन द्रावण गुलाबी होतं.

मिथिल ऑरेंजचा पट्टा ३.१ ते ४.४. आपल्या द्रावणाचा सामू सुरुवातीलाच ३ च्या आसपास आहे, त्यामुळे पहिल्या काही थेंबांतच तांबडा रंग फिका पडू लागतो, हळूहळू नारिंगी होतो आणि सुमारे ५ मिलिला पिवळा. तेव्हा जेमतेम ३० टक्के आम्ल संपलेलं असतं. तो अंतिम बिंदू मानला तर व्हिनेगर १.२ टक्के ठरतं, ब्युरेट कितीही अचूक वाचली तरी. रंग झटकन न पालटता मिलिमागून मिलि रेंगाळत बदलतो, तेव्हाच दर्शक चुकल्याची शंका घ्यावी.

पात्रात व्हिनेगरऐवजी तेवढ्याच संहतीचं हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, तर मिथिल ऑरेंजही चाललं असतं. तीव्र आम्लाची झेप पार ४ पासून १० पर्यंत जाते आणि दोन्ही दर्शकांच्या वाचनात एखाद्या थेंबाचाच फरक पडतो. अमोनियात ब्युरेटमधून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायचं असेल, तर उलट फिनॉल्फथॅलिन निरुपयोगी: झेप ७ च्या खाली होते आणि गुलाबी रंग त्याआधीच उडालेला असतो.