सलाईननंतर हातावर उठलेली दोरी



डिंगोरे आणि त्याच्या पश्चिमेच्या डोंगराकडील वाड्यांत फिरताना पावसाळ्यात मला एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. जुलाब-उलट्यांसाठी किंवा तापासाठी सलाईन लावून माणूस घरी येतो, आजार बरा होतो, आणि दोन-चार दिवसांनी सुई टोचलेल्या जागेपासून कोपराच्या दिशेने एक कडक, दुखरी, लालसर दोरी उठते. घरच्यांना वाटते, सुई आत मोडली. कोणी म्हणते, विष चढले. मंडळीतील जे बंधुभगिनी रुग्णभेटीला जातात, त्यांना ही दोरी ओळखता यावी आणि तिच्याहून फार वेगळा असा दुसरा आजारही ओळखता यावा, म्हणून हे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. आरोग्य केंद्रातील डॉक्टर व परिचारिकांबरोबर काम करताना जे शिकलो, ते सांगतो.

ही दोरी म्हणजे कातडीच्या लगेच खाली असलेली शीरच असते. प्लास्टिकची बारीक नळी शिरेत दोन-तीन दिवस राहिली की ती आतल्या अस्तराला घासते. त्याच नळीतून काही प्रतिजैविके किंवा पोटॅशियमसारखी झोंबणारी औषधे गेली की अस्तर आणखी सुजते. सुजलेल्या अस्तरावर रक्त थिजते, गुठळी होते आणि शीर आतून भरून कडक होते. पुष्कळदा जंतूंचा त्यात काहीच संबंध नसतो.

गेल्या आवणीच्या दिवसांतली एक गोष्ट सांगतो. तिशीतली एक आदिवासी भगिनी जुलाबांमुळे दोन दिवस दवाखान्यात होती. मनगटाच्या वर सुई होती आणि त्यातूनच इंजेक्शनेही दिली होती. सुई काढल्यावर तिसऱ्या दिवशी हात दुखू लागला. मी आणि आशाताई गेलो, तेव्हा चार बोटे लांबीची दोरी हाताला स्पष्ट लागत होती. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही; तिथे ती जागा नुसती काळपट वाटते. म्हणून डोळ्यांवर न विसंबता आशाताईंनी बोटांच्या मागच्या बाजूने दोन्ही हात चाचपून पाहिले. दोरीवरची कातडी गरम होती, बाकी हात नेहमीसारखा. मग टेपने दोन्ही हातांचा घेर एकाच उंचीवर मोजला. तो सारखाच भरला. ताप नव्हता, पू नव्हता, बोटे हलत होती.

या चार गोष्टींवरून आशाताईंना वरच्या शिरेची गुठळी वाटली आणि आरोग्य केंद्रात डॉक्टरांनीही तेच सांगितले. उपाय साधे होते. कोमट पाण्यात भिजवून पिळलेले फडके दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटे ठेवायचे, बसताना-झोपताना हात उशीवर उंच ठेवायचा आणि बोटे, मनगट, कोपर हलवत राहायचे. दुखण्यासाठी डायक्लोफिनॅकचे मलम हलक्या हाताने लावायला दिले. प्रतिजैविक दिले नाही, कारण जंतुसंसर्गाची खूण नव्हती. दहाव्या दिवशी दुखणे गेले. दोरी मात्र दीड महिना हाताला लागत होती आणि तिच्या जागी तपकिरी पट्टा राहिला. इथेच लोक घाबरतात. दुखणे आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते, पण कडकपणा जायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. दुखणे व लाली कमी होत असेल, तर नुसती दोरी उरली म्हणून काळजीचे कारण नाही.

तिच्या सासूबाईंनी बिब्बा लावायची तयारी केली होती. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात आणि नसलेला जंतुसंसर्ग खरोखर होतो. डाग देण्यानेही तेच होते. तेल लावून जोराने चोळणेही नको. सुजलेली शीर त्याने अधिकच चिडते.

आता दुसरी गुठळी. हातापायांत शिरांच्या दोन पातळ्या असतात. वरच्या शिरा कातडीखाली दिसतात. खोल शिरा स्नायूंच्या आत असतात आणि बहुतेक रक्त त्यांतूनच हृदयाकडे परत जाते. वरच्या शिरेतली गुठळी सुजलेल्या भिंतीला घट्ट चिकटलेली असते आणि रक्ताला दुसरी वाट असते. खोल शिरेतली गुठळी मोठी असते, तिचे टोक रक्तात सैल तरंगत असते. तो तुकडा सुटला तर हृदयातून थेट फुप्फुसात जाऊन अडकतो. जर्मन डॉक्टर रुडोल्फ फिरखो यांनी १८५६च्या सुमारास हे दाखवून दिले.

खोल गुठळीत बहुधा दोरी हाताला लागतच नाही. सूज एका रेषेवर नसते. सगळी पोटरी, कधी सगळा पाय फुगतो, जड होतो, आतून ठणकतो. दोन्ही पोटऱ्या गुडघ्याखाली चार-पाच बोटांवर मोजाव्यात. एक दुसरीपेक्षा तीन सेंटीमीटरहून अधिक भरली, तर संशय पक्का धरावा. हातात असे क्वचित होते. झाले तर सगळा हात सुजून निळसर होतो. पाय प्लास्टरमध्ये असलेला, शस्त्रक्रियेनंतर पडून असलेला, कर्करोगाचा रुग्ण आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांतील आई यांना हा धोका अधिक. अशा वेळी शेक देत बसू नये. त्याच दिवशी सोनोग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. तिथे रक्त पातळ ठेवणारी औषधे सुरू करावी लागतात. एकाएकी दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर थेट १०८ला फोन करावा.

दोन्हींच्या मधली एक जागा लक्षात ठेवावी. अशीच दोरी पायावर उठली, विशेषतः फुगलेल्या शिरांच्या पायावर, तर ती हातावरच्या दोरीइतकी निरुपद्रवी समजू नये. पायाची वरची मोठी शीर जांघेत खोल शिरेला मिळते. दोरी पाच सेंटीमीटर किंवा त्याहून लांब असेल, अथवा मांडीवर जांघेकडे सरकत असेल, तर सोनोग्राफी हवीच. गुठळी त्या संगमाजवळ पोहोचली असेल, तर उपचार खोल गुठळीचेच होतात. आणि हातावरची दोरीसुद्धा थंडी-ताप घेऊन आली, सुईच्या जागेतून पू आला किंवा लाली दिवसागणिक पसरू लागली, तर जंतू शिरेत शिरले आहेत असे समजून लगेच रुग्णालय गाठावे.

शेवटी, ही दोरी पुष्कळदा टाळता येते. सुईची जागा झोंबू लागली, लाल किंवा कडक झाली, की रुग्णाने लगेच परिचारिकेला सांगावे; सुई काढून दुसऱ्या हाताला लावता येते. त्याआधीचा प्रश्न सलाईन हवेच का, हा. शुद्धीवर असलेल्या आणि घोट-घोट पाणी पोटात ठेवू शकणाऱ्या रुग्णाला बहुधा ओआरएस पुरते. वाडीवर मात्र 'ताकदीसाठी एक बाटली लावा' असा आग्रह असतो. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत अवघी पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे पाचएक लहान चमचे. एवढी ताकद तर घरच्या एका भाकरीतही मिळते, आणि भाकरीने शीर सुजत नाही.