पगार की लाभांश? नॉर्वेचा धडा

नॉर्वेने १९९२ मध्ये करव्यवस्था दोन भागांत विभागली. पगारावर चढत्या दराने कर, तर व्याज, लाभांश, भाडे अशा भांडवली उत्पन्नावर सरसकट २८ टक्के. पैसा क्षणात सीमा ओलांडतो, माणूस ओलांडत नाही, हा त्यामागचा विचार. शिवाय कर्जाच्या व्याजाची वजावटही २८ टक्क्यांनीच मिळू लागल्याने, केवळ कर वाचवण्यासाठी कर्ज काढण्यात श्रीमंतांचा पूर्वीसारखा फायदा उरला नाही.

अडचण आली ती स्वतःची कंपनी चालवणाऱ्या मालकाची. त्याच्या नफ्यातला मेहनतीचा वाटा किती आणि भांडवलाचा किती?

सरकारने सूत्र केले: गुंतवलेल्या भांडवलावरचा ठरावीक परतावा भांडवली, उरलेला नफा श्रमाचा. हा नियम दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक शेअर असलेल्या सक्रिय मालकांना लागू होता. मग अनेकांनी बाहेरचे भागीदार घेऊन आपला हिस्सा त्या रेषेखाली आणला. कागदावरचा हिस्सा बदलला, काम तेच राहिले. कायद्यातली ही फट गंभीरच होती.

म्हणून २००६ मध्ये सूत्र बदलले. कंपनीने १०० क्रोनर नफ्यावर २८ क्रोनर कर भरला, की उरलेल्या ७२ च्या लाभांशावर भागधारकाने पुन्हा २८ टक्के, म्हणजे २०.१६ क्रोनर भरायचे. एकूण कर ४८.१६. जोखीमविरहित परताव्याइतका लाभांश मात्र या दुसऱ्या करातून वगळला. त्यामुळे पगाराला लाभांशाचे रूप देण्यातला फायदा जवळपास संपला. सपाट दर टिकवायचा असेल, तर दोन्ही वाटांवरचा एकूण कर असा जवळ आणावाच लागतो.