एकवीस दिवसांचे गणित

आमच्या मुदखेडकडच्या घरांत एका इंजेक्शनाला ‘महिन्याची सुई’ म्हणतात. ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेलेल्या मुलांना ती वर्षानुवर्षे घ्यावी लागते. तिचे औषधी नाव बेंझाथिन पेनिसिलिन असून दुकानात ती ‘पेनिड्युअर’ या नावाने ओळखली जाते. मी डॉक्टर नाही. गेली काही वर्षे या आजाराविषयी मिळेल ते वाचत आलो आणि ज्या घरांनी विश्वासाने दाखवली, त्यांची उपचारकार्डे पाहत आलो. ती पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. पालकांशी बोलताना दोन प्रश्न हमखास निघतात : ही सुई इतकी का दुखते आणि लेकरू आता खेळतंय-बागडतंय तर ती कशाला? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ही सुई खरोखर ‘महिन्याची’ आहे का? या लेखाचा विषय मुख्यतः तो तिसरा प्रश्न आहे, कारण पहिल्या दोघांची उत्तरेही त्याच्याच पोटात आहेत.

आधी आजाराची घडण पाहू. घशात ‘अ’ गटाचे स्ट्रेप्टोकोकस जंतू शिरतात, घसा दुखतो आणि चार-सहा दिवसांत बराही होतो. काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. आज गुडघा सुजतो, उद्या तो उतरून घोटा धरतो, परवा कोपर. जंतूंशी लढायला उठलेली शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर उलटते, त्याचा हा परिणाम. सांधे पूर्ण बरे होतात. हृदयाच्या झडपांना मात्र व्रण राहू शकतो. एकदा हा ताप आलेल्या मुलाला पुन्हा घशाचा संसर्ग झाला, तर ताप उलटण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि प्रत्येक उलटीत झडपेवर नवा घाव बसतो. सुई जुना घाव भरून काढत नाही. ती पुढचा घाव टाळते. म्हणूनच ती खेळत्या लेकरालाच द्यायची असते. खेळणे थांबल्यावर बराच उशीर झालेला असतो.

साधे पेनिसिलिन शरीरातून काही तासांत लघवीवाटे निघून जाते. १९५०च्या सुमारास त्याचा असा क्षार तयार झाला, जो पाण्यात जवळपास विरघळतच नाही. स्नायूत टोचला की तो तिथे साठून राहतो आणि कणाकणाने रक्तात उतरतो. न्यूयॉर्कमध्ये स्टॉलरमन आणि रुसॉफ यांनी १९५२ साली ऱ्हुमॅटिक तापाच्या रुग्णांवरचा या औषधाचा अनुभव प्रसिद्ध केला आणि टोचणीतून प्रतिबंध ही पद्धत रूढ झाली. आपल्याकडे १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिन महाराष्ट्राच्या मातीत बनू लागले. गेल्या सत्तर वर्षांत अनेक जंतूंनी अनेक औषधांना दाद देणे सोडले, पण ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकोकस अजून पेनिसिलिनला शरण जातो. मुद्दा एवढाच, की संसर्ग होईल त्या दिवशी ते रक्तात पुरेसे असले पाहिजे.

स्नायूतला हा साठा किती दिवस पुरतो? रक्तातली पातळी पहिल्या दिवसांत चढते आणि मग उतरत जाते. तिसऱ्या आठवड्यानंतर बऱ्याच जणांत ती संरक्षणाच्या रेषेखाली घसरते. तैवानमधील लुए आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांना दर तीन आठवड्यांनी व काहींना दर चार आठवड्यांनी इंजेक्शन देऊन दीर्घकाळ पाहिले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार चार आठवड्यांच्या गटात प्रतिबंध फसण्याचे प्रमाण शंभर रुग्ण-वर्षांमागे सुमारे सव्वा होते, तर तीन आठवड्यांच्या गटात पाव. एका आठवड्याने पाचपट फरक पडला. ऑस्ट्रेलियात सर्वसाधारण रुग्णाला अठ्ठावीस दिवसांचे अंतर चालवतात. आपल्याकडे हा आजार मुरलेला असल्याने भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८च्या मार्गदर्शनात अंतर कमी धरले. सत्तावीस किलोपेक्षा जास्त वजनाच्या मुलाला बारा लाख युनिट दर एकवीस दिवसांनी, आणि त्याखालच्या मुलाला सहा लाख युनिट दर पंधरा दिवसांनी. साठा निम्मा, म्हणून तो भरायचाही लवकर. वजनाची ही रेषा सर्व देशांत एकच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या तक्त्यात ती तीस किलोला आहे, ऑस्ट्रेलियात वीसला. म्हणून मात्रा ठरवणे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचेच काम. पण रेषा कोणतीही धरली तरी वजन मोजावे लागते, ही गोष्ट कुठेच बदलत नाही.

आता एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. ते कोणा एका मुलीचे नाही, पण कार्डांत दिसणाऱ्या गोष्टींवरून बेतलेले आहे. नऊ वर्षांची मुलगी, वजन चोवीस किलो. सांधे धरले म्हणून आधी तालुक्याला दाखवले, तिथून नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवले. इकोत डाव्या बाजूच्या झडपेतून किंचित गळती दिसली. कार्डावर लिहून आले : सहा लाख, दर पंधरा दिवसांनी. म्हणजे वर्षाला चोवीस सुया. अकराव्या वर्षी तिचे वजन साडेसत्तावीस झाले. त्या दिवसापासून मात्रा बारा लाख आणि अंतर एकवीस दिवस, म्हणजे वर्षाला सतरा सुया. लेकराच्या दृष्टीने ही सुटकाच. पण वजनकाटा कोपऱ्यात पडून राहिला आणि ‘मागचीच सुई द्या’ म्हणत सहा लाखच चालू राहिले, तर वाढत्या शरीराला लहानपणीचाच डोस मिळत राहतो. त्यातच सुई ‘महिन्याची’ झाली, तर निम्मी मात्रा आणि दुप्पट अंतर अशी दोन्हीकडून गळती लागते. दर तीन महिन्यांनी वजन करून ते कार्डावर लिहिणे, एवढाच यावर उपाय आहे.

ही मुलगी किती वर्षे सुई घेणार? झडपेला सौम्य इजा होऊन ती भरून आली असेल, तर त्याच मार्गदर्शनाप्रमाणे शेवटच्या तापापासून दहा वर्षे किंवा वयाची पंचविशी, यांतले जे उशिरा येईल ते. नऊ अधिक दहा म्हणजे एकोणीस, म्हणून तिला पंचविशीपर्यंत. सगळी बेरीज तीनशेच्या घरात जाते. नुसते सांधेच धरले होते आणि हृदय वाचले, तर पाच वर्षे किंवा अठरावे वर्ष. झडप गंभीर बिघडली असेल, तर किमान चाळिशीपर्यंत, कधी जन्मभर.

‘महिन्याची’ या शब्दाचा हिशेबही करून पाहावा. वर्षाला बारा सुया घेतल्या, तर दर खेपेला नऊ-दहा दिवस उघडे पडतात, वर्षभरात सुमारे एकशेदहा. कुणी अमावास्येवर खूण ठेवते. दोन अमावास्यांमधले अंतर साडेएकोणतीस दिवसांचे असते, त्यामुळे तीही खूण फसवी. एकवीस दिवसांचा एक फायदा आहे : वार बदलत नाही. सुई एका बाजाराच्या दिवशी घेतली, तर पुढची बरोबर तिसऱ्या बाजाराला. २०२६ साल घेऊ. सोमवार, ५ जानेवारीला सुई झाली, तर पुढची २६ जानेवारीला येते. त्या दिवशी बाह्यरुग्ण विभाग बंद. मग ती शनिवारी २४ तारखेला घ्यावी आणि पुढचे एकवीस दिवस २४ पासून मोजावेत, म्हणजे १४ फेब्रुवारी. एक-दोन दिवस आधी घेतल्याने बिघडत नाही, उशिराने बिघडते. चुकलीच तर आठवेल त्या दिवशी घ्यायची आणि तिथून नवी मोजणी सुरू करायची. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर कुटुंब निघणार असेल, तर कार्डाची प्रत आणि पुढच्या तीन-चार तारखा सोबत लिहून घेतलेल्या बऱ्या. तिथल्या सरकारी दवाखान्यात कार्ड दाखवले की बोलणे सोपे होते.

तारखा चुकण्याचे सर्वांत मोठे कारण मात्र दुखणे. औषध भुकटीच्या रूपात कुपीत येते. त्यात निर्जंतुक पाणी घालून हलवले, की दुधासारखे दाट होते. हे न विरघळलेले कण असतात, म्हणून बारीक सुईत ते अडकतात. दट्ट्या सरकेना झाला म्हणजे सुई तुंबली असे ओळखावे. मग सुई काढून दुसऱ्यांदा टोचावे लागते, आणि ज्या मुलाला दुहेरी टोचणी झाली, ते पुढच्या वेळी दवाखान्याच्या दारातच आडवे पडते. यावरचे उपाय साधे आहेत. गुठळी राहणार नाही असे हलवावे आणि लगेच ओढून लगेच द्यावे, कारण ठेवले की खाली बसते. सुई एकवीस नंबरची, फार बारीक नको. फ्रिजमधली कुपी असेल, तर तळहातात धरून खोलीच्या तापमानाला आणावी. स्पिरिट पूर्ण वाळू द्यावे. टोचण्याआधी त्या जागी अंगठ्याने दहा सेकंद दाब द्यावा. औषध दोन-तीन मिनिटांत, सावकाश पण न थांबता सोडावे. घाई केली तर स्नायू ताणून दुखतो, आणि मध्ये थांबले तर सुई तुंबते. दर खेपेला बाजू बदलावी. पाण्याचा काही भाग साध्या, ॲड्रेनलिन नसलेल्या एक टक्का लिग्नोकेनने बदलला, तर दुखणे बरेच उतरते आणि रक्तातली पेनिसिलिनची पातळी घटत नाही, असे इस्रायलमध्ये १९९८ साली दिसून आले. मात्र हा निर्णय डॉक्टरांचा. सुई स्नायूतच जायला हवी. शिरेत गेली तर जिवावर बेतते.

दुसरी भीती रिॲक्शनची. १९९१ साली अनेक देशांतील १,७९० रुग्णांच्या ३२,४३० इंजेक्शनांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात तीव्र ॲलर्जी चौघांना झाली आणि एक मृत्यू झाला. म्हणजे धोका खरा आहे, पण विरळा आहे. त्यासाठी ॲड्रेनलिन हाताशी असावे, सुईनंतर अर्धा तास बसवून ठेवावे, आणि आधीची चाचणी ठीक आली म्हणून हे दोन्ही टाळू नये. झडप फार बिघडलेल्या, दम लागणाऱ्या मुलांत वेगळा प्रकार घडतो. दुखण्याने, भीतीने एकदम रक्तदाब कोसळतो आणि कमजोर हृदयाला तो सोसत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ साली अशा रुग्णांना सुईऐवजी रोज दोनदा पेनिसिलिनच्या गोळ्या सुचवल्या आहेत. इतरांनाही काहीतरी खाऊन, पाणी पिऊन, आडवे निजवूनच सुई द्यावी.

शाळेतल्या तपासणीची सोय आपल्याकडे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली पालघरला झाला आणि त्याच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयविकार आहे. लवकर सापडण्याचे महत्त्व युगांडातील अभ्यासाने दाखवले. लक्षणे नसलेली, फक्त इकोत सुरुवातीचा दोष दिसणारी मुले दोन गटांत विभागली. दोन वर्षांत सुई न घेणाऱ्यांपैकी शेकडा आठांचा आजार वाढला, नियमित घेणाऱ्यांत शेकडा एकापेक्षा कमी. तपासणीचे पथक मूल शोधून देते. त्यानंतरची सोळा वर्षे घरातल्या कार्डावर चालतात. त्या कार्डावर पाच रकाने हवेत : दिलेली तारीख, त्या दिवसाचे वजन, मात्रा, डावी की उजवी बाजू, आणि पुढची तारीख वारासह. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक कार्डांत पहिला रकाना भरलेला असतो, दुसरा आणि पाचवा कोरा. सिस्टरला विचारून ते दोन भरून घेणे कोणत्याही आईला जमते. त्याला दवाखान्यातले दोन मिनिट लागते.